अनुवाद अर्ध्यावर थांबवताना: झालेल्या कामाचे पैसे किती, आणि पैसे देऊन हातात काय येतं

प्रश्न: नागपुरात आमचं छोटं प्रकाशन आहे. एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद एका निवृत्त प्राध्यापकांना दिला होता. मूळ पुस्तक ८०,००० शब्दांचं, प्रकरणं १४. दर मूळ शब्दामागे १ रुपया २० पैसे, २०,००० अ‍ॅडव्हान्स दिला. सही-शिक्क्याचा करार नाही, सगळं ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं. सहा प्रकरणं आली, सातवं अर्धं झालंय म्हणतात. दोन तारखा हुकल्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलला पुस्तक ठेवायचं होतं, ते आता या वर्षी जमत नाही. काम थांबवून फक्त झालेल्या भागाचे पैसे द्यायचेत. सर म्हणतात, अर्धं काम झालं, अर्धे पैसे द्या. कसं करावं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. किती द्यायचे हा पहिला. ते दिल्यावर त्या सहा प्रकरणांचं तुम्ही काय करू शकता हा दुसरा, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. पुस्तक अडकतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्यापाशी. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७ चा अधिनियम, कलम १७) बाहेरून काम करणाऱ्या अनुवादकाच्या अनुवादाचा पहिला मालक तो अनुवादकच असतो. पगारी नोकराची गोष्ट वेगळी, सर तुमचे नोकर नाहीत. तुम्ही सहा प्रकरणांचे पैसे पै न पै चुकते केले, बँकेची नोंदही जपून ठेवली, तरी हक्क तुमच्याकडे आपोआप येत नाहीत. त्यासाठी सरांच्या सहीचं लेखी हस्तांतरण लागतं. म्हणून पैशांचा हिशेब आणि हक्कांचा कागद एकाच बैठकीत पुरा करा. पैसे आज दिले आणि कागद नंतर बघू म्हटलं, की तो कागद राहून जातो. आणि कडूपणा आल्यावर सही मागायला जाणं किती अवघड असतं, ते वेगळं सांगायला नको.

त्याच्याही आधी पाहायचं ते हे की तुम्हाला काम असं थांबवता येतं का. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. सुरुवातीच्या ई-मेलमध्ये 'कोणत्याही टप्प्यावर काम थांबवता येईल, झालेल्या भागाचं मानधन मिळेल' असं एखादं वाक्य असेल तर सगळं सोपं आहे, तेच पुढे करा. असं वाक्य नसेल आणि तुमचा विचार बदलला म्हणून तुम्ही थांबवत असाल, तर करार तुम्ही मोडताय असं होतं. मग उरलेलं काम गेल्याची भरपाई सर मागू शकतात (करार अधिनियम १८७२, कलम ७३) आणि 'फक्त झालेल्याचेच' हा तुमचा मुद्दा एकतर्फी टिकत नाही. तिसरी परिस्थिती तुमची आहे: ठरलेल्या तारखा सरांकडून हुकल्यात. ही तुमची जमेची बाजू. पण तिला एक भोक आहे.

करार अधिनियमाचं कलम ५५ म्हणतं की वेळ हा कराराचा गाभा असेल आणि समोरच्याने ती पाळली नाही, तर करार रद्द करायचा अधिकार तुम्हाला मिळतो. पण उशिरा आलेलं काम तुम्ही काही न बोलता स्वीकारलं, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. ती मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. आता तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघा. पाचवं-सहावं प्रकरण उशिरा आलं तेव्हा तुम्ही काय लिहिलंत? 'चालेल सर, सावकाश होऊ द्या' असं काही लिहिलं असेल, आणि बहुतेकांनी तसंच लिहिलेलं असतं, तर जुन्या तारखांच्या जोरावर थेट 'आजपासून काम बंद' म्हणू नका. आधी एक नवी, शेवटची तारीख लेखी द्या आणि ती हुकली तर काय होईल ते त्यातच लिहा. पंधरा-वीस दिवस ही वाजवी मुदत आहे. तेवढ्यात आठ प्रकरणं होणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून संपूर्ण पुस्तक मागू नका. सातवं पूर्ण करून द्या आणि आठवं द्या, एवढंच मागा. ती तारीखही गेली, तर थांबवण्याला कारण मिळतं. तसं पत्र मिळाल्यावर पुष्कळदा सर स्वतःच म्हणतात की आता माझ्याने होत नाही. ते सगळ्यांत बरं, कारण मग परस्पर संमतीने संपवता येतं आणि चूक कोणाची हा वाद उरतच नाही. माझा सल्ला असा की शक्यतो याच वाटेने जा. कलमं खिशात ठेवा, पत्रात घालू नका.

थांबवायचं ठरलं की त्याच दिवशी कळवा. निर्णय सोमवारी झाला आणि तुम्ही शुक्रवारी कळवलंत, तर मधल्या चार दिवसांत सरांनी केलेली पानं झालेल्या कामातच धरावी लागतील, आणि ते बरोबरच आहे. फोनवर बोला, वडीलधाऱ्या माणसाला नुसता मेल पाठवू नये. पण फोननंतर लगेच लेखी पाठवा. मजकूर साधारण असा:

'आदरणीय सर, आज फोनवर बोलल्याप्रमाणे या पुस्तकाच्या अनुवादाचं काम आपण आज, अमुक तारखेपासून थांबवत आहोत. कृपया आठव्या प्रकरणापासून पुढचं काम सुरू करू नये. आजपर्यंत जे झालं आहे ते, अपूर्ण असलं तरी, जसं आहे तसं सात दिवसांत पाठवावं. त्यात सातव्या प्रकरणाचा झालेला भाग, संज्ञांची यादी आणि शंकांची टिपणं असावीत. ते मिळाल्यापासून दहा दिवसांत मी शब्दसंख्येनुसार हिशेब पाठवतो. तो आपण दोघं बसून बघू.'

यात 'आजपर्यंत' ही रेघ महत्त्वाची आहे. ती ओढली नाही तर महिनाभराने सातवं प्रकरण पूर्ण होऊन येतं, मागोमाग आठवं येतं, आणि हिशेब सुरूच राहतो. 'जसं आहे तसं' हेही मुद्दाम लिहा. अपुरं काम द्यायला लाज वाटते म्हणून बरेच अनुवादक ते आवरत बसतात आणि हातात काही येतच नाही. फाइल युनिकोडमधली आणि उघडून बदलता येईल अशी मागा, पीडीएफ नको. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर ते युनिकोडमध्ये बदलताना रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य'सारखी अक्षरं तुटतात. असं असल्यास मूळ फाइल आणि छापील प्रत दोन्ही घ्या, म्हणजे तुटलेलं अक्षर काय होतं ते बघता येईल.

आता मोजणी. सरांचा 'अर्धं काम झालं' हा दावा प्रकरणांवरून आलेला दिसतो. चौदापैकी साडेसहा म्हणजे जवळपास निम्मं. पण दर शब्दामागे ठरलाय, प्रकरणामागे नाही, आणि प्रकरणं सारखी नसतात. तेव्हा मूळ इंग्रजी पुस्तकातल्या पहिल्या सहा प्रकरणांचे शब्द मोजा. मराठी फाइलचे मोजू नका. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, इंग्रजीतली उपपदं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना शब्दसंख्या सहसा कमी होते. मराठी शब्द मोजलेत तर सरांचं नुकसान होईल आणि तो ठरलेल्या दराशी खोटेपणाही होईल. मूळ पुस्तकाची फाइल नसेल तर छापील प्रतीतली पाच भरगच्च पानं मोजून सरासरी काढा, त्यावरून प्रकरणाचा अंदाज बांधा, आणि ती मोजणी सरांना दाखवा. तळटीपा मोजायच्या की नाहीत हे सुरुवातीला ठरलं नसेल, तर ज्यांचा अनुवाद केलाय त्या मोजा.

मराठी शब्दसंख्येचा उपयोग वेगळ्या कामासाठी आहे, आणि तो जरूर करा. प्रत्येक प्रकरणाच्या मूळ शब्दांशी मराठी शब्दांचं प्रमाण काढा. समजा पहिल्या चार प्रकरणांत हजार इंग्रजी शब्दांमागे मराठी ८०० च्या आसपास येतायत. हा आकडा पुस्तकागणिक आणि अनुवादकागणिक बदलतो, पण एकाच अनुवादकाचा एकाच पुस्तकात फार हलत नाही. मग सहाव्या प्रकरणात अचानक तो ६३५ वर आला, म्हणजे ५,२०० मूळ शब्दांचे फक्त ३,३०० मराठी शब्द झाले, तर तिथे काहीतरी गळलंय. बहुतेकदा ते लांबलचक अवतरण असतं, कधी तक्त्याखालचा मजकूर, किंवा कंटाळा आल्यावर दोन परिच्छेदांचा एक सारांश केलेला असतो. परिच्छेद मोजून बघितलेत तर जागा लगेच सापडते. गळलेल्या भागाचे मूळ शब्द ७०० निघाले तर ८४० रुपये हिशेबातून वजा करा आणि कुठून कुठवर ते पान क्रमांकासह लिहा. हे झालेलंच काम नाही, त्यामुळे त्यात कोणाला राग यायचं कारण नाही.

दर्जाची तपासणी मात्र सांभाळून करा. प्रत्येक प्रकरणातली कुठलीही तीन पानं घ्या आणि मूळ शेजारी ठेवून ओळीने वाचा. अर्थ चुकलाय का, वाक्य सुटलंय का, नावं आणि सनावळ्या बरोबर आहेत का, एवढंच नोंदवा. 'भाषा जड आहे', 'आमच्या वाचकाला रुचणार नाही' ही कारणं पैसे कापायला चालत नाहीत. ते तुम्हाला पहिलं प्रकरण आलं तेव्हा दिसत होतं, आणि तेव्हा तुम्ही पुढचं प्रकरण मागितलंत. सरांची उद्यम नोंदणी असेल तर इथे आणखी एक गोष्ट लागू होते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात, काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते मिळालं त्याच दिवशी स्वीकारलं असं धरलं जातं. निवृत्त माणसांनी अशी नोंदणी केलेली असू शकते, म्हणून सरळ विचारून घ्या.

आता हिशेब प्रत्यक्ष मांडून दाखवतो. तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून धरून चालू की पहिल्या चार प्रकरणांचे मूळ शब्द १६,४०० भरले, पाच-सहाचे ९,६००, आणि सातव्याचा झालेला भाग ३,०००. पहिली चार तुम्ही संपादन करून परत पाठवली होती, सरांनी दुरुस्त्या करून दिल्या. म्हणजे ती पूर्ण झाली. १६,४०० ला १ रुपया २० पैशांनी १९,६८० रुपये, एक पैसाही न कापता.

पाच-सहा वेगळी आहेत. ती आली, पण तुम्ही तपासली नाहीत, सरांनी दुरुस्त केली नाहीत. तुमच्या दरात काय काय धरलं होतं ते आठवा: अनुवाद, एकदा स्वतःचं वाचन, आणि संपादकाच्या शंकांनंतरच्या दुरुस्त्या. यातलं शेवटचं काम उरलंय आणि आता ते दुसऱ्या कोणालातरी करावं लागेल. पूर्ण दराने ११,५२० होतात. मी अशा ठिकाणी पाचवा हिस्सा बाजूला ठेवतो, म्हणजे ९,२१६. पण हे सरांवर लादू नका, निवड त्यांच्याकडे द्या: 'पंधरा दिवसांत दुरुस्त्या करून देता का, पूर्ण ११,५२० देतो.' फरक अवघा २,३०४ रुपयांचा आहे. तेवढ्यात दुसरा अनुवादक ती दोन प्रकरणं ओळीने तपासून देणार नाही. ज्याचं वाक्य आहे तोच ते लवकर आणि नीट सुधारतो.

सातव्याचा अर्धा भाग हा कच्चा खर्डा. तो सरांनी स्वतःही एकदा वाचलेला नसेल. पूर्ण दराने ३,६००, मी त्याचे साठ टक्के धरीन, २,१६०. किंवा घ्यायचाच नाही असंही ठरवता येतं. पण मग तो खरोखर घ्यायचा नाही. फाइल परत करायची, आपल्याकडून काढून टाकायची, तसं लिहून द्यायचं आणि नव्या अनुवादकाला ती दाखवायचीसुद्धा नाही. पैसे नाकारून मजकूर 'नुसता संदर्भाला' नव्या माणसाच्या हाती देणं हे मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. पुढे दोन अनुवादांतली वाक्यं सारखी निघाली की भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणात प्रकाशकाची बाजू लंगडी असते. सात दिवसांच्या कष्टाला दोन हजार देऊन टाकणं स्वस्त पडतं.

राहिली संज्ञांची यादी. पुस्तक सामाजिक इतिहासाचं असेल, दीक्षाभूमीच्या स्टॉलसाठी म्हणताय म्हणून हा माझा अंदाज, तर त्यात संस्था, चळवळी, कायदे, पदं यांची कितीतरी नावं असणार. कुठे मराठी प्रतिशब्द, कुठे मूळ नाव देवनागरीत, हे सरांनी पहिल्या दोन-तीन प्रकरणांत ठरवून टाकलंय. अनुवादात हे कष्ट सुरुवातीलाच जास्त पडतात आणि शब्दाच्या दराने पैसे मात्र सगळीकडे सारखे मिळतात. सरांना अर्धं काम झाल्यासारखं वाटतं त्यामागे हेही आहे, आणि ते खोटं नाही. तेव्हा यादीचे वेगळे २,००० धरा. नव्या अनुवादकाला ती यादी मिळाली तर पहिल्या सहा आणि पुढच्या आठ प्रकरणांत एकाच संस्थेची दोन नावं होणार नाहीत.

बेरीज केली तर १९,६८० अधिक ९,२१६ अधिक २,१६० अधिक २,०००, एकूण ३३,०५६. त्यातून अ‍ॅडव्हान्सचे २०,००० वजा, द्यायचे राहतात १३,०५६. पाच-सहाच्या दुरुस्त्या सर करून देणार असतील तर १५,३६०. सरांच्या मागणीप्रमाणे ९६,००० चे निम्मे म्हणजे ४८,००० झाले असते. हा कागद समोर ठेवून, ओळ न् ओळ समजावून बोललात तर दहांत आठ वेळा माणूस ऐकतो. त्यांना सगळ्यांत जास्त पटतं ते हे की पहिल्या चार प्रकरणांना तुम्ही हात लावलेला नाही. टीडीएस कापायचा का हे तुमच्या संस्थेच्या स्वरूपावर आणि वर्षातल्या एकूण रकमेवर ठरतं, सीएला विचारा. मात्र कापायचा असेल तर तो पूर्ण मानधनावर असतो, उरलेल्या १३,०५६ वर नाही. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर खात्यात कमी रक्कम दिसली की सरांना वाटेल शेवटच्या क्षणी पुन्हा कापले.

आणि आता तो कागद. त्याला समाप्तिपत्र म्हणा, करारसमाप्ती म्हणा, नाव काहीही चालेल. दोन पानं पुरतात. काम परस्पर संमतीने अमुक तारखेला थांबलं, हिशेब सोबत जोडलाय, ही रक्कम मिळाल्यावर एकमेकांकडून काही येणं नाही, हे पहिल्या भागात. दुसऱ्या भागात हक्क. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी, आणि त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे असायला हवं. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढी एक ओळ लिहून मोकळे होऊ नका, कारण जे लिहिलं नाही ते कायदा स्वतः भरतो, आणि तुमच्या सोयीने भरत नाही. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे उद्या ई-बुक परदेशातल्या मराठी वाचकाला विकलंत की तो हक्क तुमच्याकडे नाही.

तुमच्या बाबतीत सगळ्यांत धोक्याचं पोटकलम मात्र चौथं आहे. हक्क घेतल्यापासून एका वर्षात ते वापरले नाहीत तर हस्तांतरण संपुष्टात येतं, कागदात वेगळं लिहिलं नसेल तर. आता तुमचं वेळापत्रक बघा. या दसऱ्याला पुस्तक येत नाही, म्हणजे पुढचा दसरा. ३०० च्या वर पानांच्या पुस्तकाला अक्षरजुळणी, दोन प्रुफं आणि छपाई-बांधणी धरून दोन-अडीच महिने लागतात, म्हणजे संपूर्ण अनुवाद पुढच्या जुलैत हातात हवा. सरांचा कागद तुम्ही आत्ता दसऱ्याच्या आधी केलात, तर पुढच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तक स्टॉलवर लागेपर्यंत वर्ष उलटून गेलेलं असेल. पैसे देऊन घेतलेली सहा प्रकरणं ऐन छपाईच्या वेळी पुन्हा सरांची झालेली असतील. म्हणून स्पष्ट लिहा: 'कलम १९(४) मधली एक वर्षाची मुदत या हस्तांतरणाला लागू राहणार नाही, प्रकाशकाने हे हक्क सहीच्या तारखेपासून तीन वर्षांत वापरायचे आहेत.' तीन वर्षं ही सरांच्याही हिताची अट आहे. त्यांचं काम कायमचं तुमच्या कपाटात पडून राहणार नाही.

त्याच कागदात संपादनाची आणि दुसऱ्या अनुवादकाने मजकुरात बदल करण्याची परवानगी घ्या. कलम ५७ मुळे आपलं नाव लागण्याचा हक्क, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क, हस्तांतरणानंतरही अनुवादकाकडेच राहतो. तेव्हा नाव कसं लागेल हे आत्ताच ठरवा. माझ्या मते सगळ्यांत स्वच्छ पद्धत म्हणजे मुखपृष्ठावर आणि शीर्षकपानावर दोन्ही नावं, आणि आतल्या पानावर 'प्रकरण १ ते ६ यांचा अनुवाद अमुक यांचा, ७ ते १४ तमुक यांचा'. सातव्याचा खर्डा वापरणार असाल तर ते दोघांच्या नावावर दाखवा. छपाईआधी सहा प्रकरणांचं शेवटचं प्रूफ सरांना दाखवायचं आणि दहा दिवसांत त्यांनी कळवायचं, असंही लिहा. ते वाचून त्यांना वाटलं की हे आता माझं राहिलं नाही, तर नाव काढून घ्यायची मुभा त्यांना असावी.

मूळ पुस्तकाच्या हक्कधारकाशी झालेला तुमचा करारही एकदा काढून वाचा. त्यात अनुवाद किती महिन्यांत छापायचा याची मुदत असते, दीड-दोन वर्षांची असू शकते, आणि काही करारांत अनुवादकाचं नाव मंजूर करून घ्यावं लागतं. दसरा वर्षभर पुढे ढकलताना ती मुदत संपत असेल तर मुदतवाढीचं पत्र आधी मिळवा. ती मिळाली नाही तर सरांना दिलेले पैसे आणि नव्या अनुवादकाचे पैसे दोन्ही वाया जातील.

पैसे कसे द्यायचे ते सांगतो. बँकेतून द्या, व्यवहाराच्या नोंदीत पुस्तकाचं नाव आणि 'अंतिम हिशेब' लिहा. सही आणि रक्कम एकाच दिवशी. दुरुस्त्या सर करून देणार असतील तर १३,०५६ सहीच्या दिवशी आणि उरलेले २,३०४ दुरुस्त फाइल आल्यावर आठ दिवसांत, असं पत्रातच घाला. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती अडवून ठेवू नका. पहिल्या चार प्रकरणांचे १९,६८० तर अ‍ॅडव्हान्समध्येच फिटले आहेत, पण पाच-सहाचे पैसे 'आधी सही करा मग बघू' म्हणून लटकवले तर समोरचा माणूस सहीला तयार असला तरी बिथरतो. उद्यम नोंदणी असेल तर, पैसे देण्याची तारीख लेखी ठरलेली नसल्यास काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांपलीकडे, आणि ठरलेली असली तर त्या तारखेपलीकडे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांपलीकडे, थकवलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं, हेही लक्षात असू द्या.

आणि सरांनी काहीच मान्य केलं नाही तर? या रकमेसाठी दिवाणी दाव्यात शिरण्यात अर्थ नाही, वकिलाची फी मूळ रकमेहून जास्त होईल. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं. दोघांची तडजोड झाली तर तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील होत नाही. तिथे जाताना पहिल्या तारखेच्या मेलपासूनचं सगळं संभाषण छापून, तारखांच्या क्रमाने लावून, आणि वरचा हिशेब सोबत न्या. तडजोडीच्या मसुद्यात रकमेबरोबर हक्क-हस्तांतरणाची कलमं, एक वर्षाची मुदत लागू राहणार नाही या वाक्यासह, आली आहेत का ते सही करण्याआधी बघा. तिथल्या छापील नमुन्यात ती असतीलच असं धरून चालू नका.

सरांनी हक्क द्यायला ठाम नकार दिला तर सहा प्रकरणं सोडून द्या आणि नव्या अनुवादकाला पहिल्या पानापासून काम द्या. ८०,००० शब्दांतले २६,००० पुन्हा करायला त्याच दराने ३१,२०० रुपये जास्त जातील. हा आकडा सरांशी बोलायला बसण्याआधी स्वतःशी पक्का करून ठेवा. सलोख्यासाठी तुम्ही ३३,०५६ च्या वर किती चढू शकता, ते यावरूनच ठरतं.